ऑडिटनंतर शिसे-आवरणासाठी व्यवस्थापनाला पत्र

> "ऑडिटमध्ये एक्स-रे रूमच्या दाराबाहेर जास्त रीडिंग आलं. आरएसओ, म्हणजे रेडिएशन सुरक्षा अधिकारी म्हणून पैसे मागायचे आहेत, पत्रात काय लिहू?"

नुसतं 'ताशी ३० मिलिरोएंटजेन' लिहिलंत तर अकाउंट्सवाले एक तर घाबरतील, नाही तर फाईल बाजूला ठेवतील. ट्यूब तासभर सलग चालत नाही, म्हणून आकडा आठवड्याचा करून द्या. आठवड्याला ६०० एक्सपोजर, प्रत्येकी ५० मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे ५०० मिलिअँपिअर-मिनिटं. मोजणी १०० मिलिअँपिअरवर केली असेल तर:

```
500 × 30 ÷ (60 × 100) = 2.5 mR/आठवडा
```

वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही जनतेची मर्यादा, म्हणजे आठवड्याला साधारण २ मिलिरोएंटजेन. दाराबाहेर नातेवाइकांचं बाकडं असेल तर तीच लागू. कर्मचाऱ्यांची मर्यादा आठवड्याला ४० आहे, तिच्याकडे बोट दाखवून 'चालतंय की' म्हणणारे भेटतातच.

आता गळती कुठून, ते लिहा. मीटर चौकटीच्या कडेने फिरवा. फक्त वरच्या फटीशी काटा चढत असेल तर शिशाचा पत्रा स्वतःच्या वजनाने खाली सरकलाय. मग अख्खी भिंत नको; दाराचं नवं अस्तर आणि चौकटीवर पत्र्याचा ओव्हरलॅप, एवढ्याचंच कोटेशन जोडा. काम झाल्यावर पुन्हा सर्व्हे, हेही त्याच खर्चात मागा. बाकडं मात्र आजच हलवा, त्याला मंजुरी लागत नाही.