मदत हवी आहे: मराठीतून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्यासाठी भौतिक-रसायनाची शब्दसूची

भाचीने दहावी मराठी माध्यमातून केली, आता अकरावी सायन्स इंग्रजीतून आहे. तिला संकल्पना येतात, पण वर्गात 'मोमेंटम' म्हणजे आपला संवेग आणि 'रिडक्शन' म्हणजे क्षपण, हे लगेच जुळत नाही.

नेटवरच्या बऱ्याच याद्या हिंदीवरून घेतलेल्या दिसतात आणि त्या सरळ चुकीकडे नेतात. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आपल्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. 'आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी' हे उदासिनीकरण अशा यादीवरून इंग्रजीत लिहिलं, तर उत्तरच उलटतं. वस्तुमानाऐवजी 'द्रव्यमान' दिसलं की यादी हिंदी आहे हे मी ओळखते, पण प्रत्येक शब्द असा पकडता येत नाही.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहिले. ते विश्वासाचे आहेत, पण अकारविल्हे आणि पदवीपर्यंतचे, त्यामुळे तिला लागणारे शब्द त्यात विखुरले जातात. सध्या बालभारतीची दहावीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं शेजारी ठेवून धड्यागणिक शब्द उतरवतोय. काम नीट होतं, पण फार हळू.

नववी-दहावीच्या धड्यांप्रमाणे लावलेली, बालभारतीचेच शब्द वापरणारी, छापता येईल अशी सूची कोणाकडे आहे का? नसेल, तर अकरावीसाठी आधी कोणत्या धड्यांचे शब्द उतरवावेत?