अनुभव धागा: लांबच्या प्रवासात तुमच्या स्टेपनीने साथ दिली का दगा?

दिवाळीत पुण्याहून नागपूरला निघालो होतो, आई-बाबा, बायको, दोन पोरं आणि डिकी फराळाच्या डब्यांनी खचाखच. समृद्धीवर मेहकर सोडल्यावर पुढचा डावा टायर बसला. गाडी घेऊन तीन वर्षं झालेली आणि स्टेपनी मी पहिल्यांदा तेव्हा बघितली, सामान रस्त्याच्या कडेला काढून. बघतो तर सायकलच्या चाकासारखं बारीक काहीतरी, वर पिवळा स्टिकर, ताशी 80 च्या वर नको. बसवलं तर तेही अर्धं चेपलं. सोबतच्या छोट्या पंपाने हवा भरून (पाऊण वेळ पंपाचाच आवाज) कसंबसं कारंज्याला बाहेर पडलो. आणि काढलेलं चाक? ते स्टेपनीच्या खड्ड्यात मावतच नाही! चिखलाचं चाक जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर, बायको आणि आईच्या मध्ये. चिवड्याचा डबा अजूनही रबराचा वास मारतो असं आईचं म्हणणं आहे.

तर लांब निघण्याआधी तुमच्या गाडीत काय आहे, पूर्ण साइझचं चाक, बारीक चाक का नुसता पंक्चरचा किट, आणि वेळ आली तेव्हा काय झालं ते लिहा.

घाटवाट
बारक्या चाकात हवा किती होती? नेहमीच्या टायरसारखी 33 ठेवली असशील तर चेपणारच रे, त्याला 60 पीएसआय लागते, त्याच पिवळ्या स्टिकरवर किंवा टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. मी दर दोन महिन्यांनी पंपावर भरतो आणि दर वेळी तोच संवाद. पोरगा म्हणतो, साहेब 60 ने फुटेल. मी म्हणतो, वाच. तो वाचतो, मग बाजूच्या काकांना विचारून येतो, मग भरतो. वापरात नसलं तरी हवा हळूहळू जातेच, आणि डिकीच्या तळाशी असल्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही.

अजून एक. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असणार. मग बारीक चाक शक्यतो पुढे लावू नकोस, मागचं चांगलं चाक पुढे आणि बारीक मागे. पुढची दोन चाकं वेगळ्या व्यासाची झाली की सरळ जातानाही आतल्या डिफरन्शियलला सतत काम पडतं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर तर फारच जाणवतं.

धागाकर्ता
म्हणजे दोनदा जॅक लावायचा? एक्सप्रेसवेच्या कडेला, शेजारून 120 ने गाड्या जात असताना? नाही हो जमणार.

घाटवाट
तिथे नाही म्हणत. पुढे लाव, 60-70 ने डाव्या लेनने पुढच्या इंटरचेंजला बाहेर पड, मग चहाच्या टपरीजवळ सावकाश अदलाबदल कर.

कोल्हापुरी_ठसका
एवढी डोकेफोड कशाला? सरकारनेच आता स्टेपनी बंद केलीय की. नव्या गाड्यांना नसतेच, किट देतात, बास.

रेवती_एन
बंद नाही केली, नसली तरी चालेल असं केलंय. ऑक्टोबर 2020 पासूनचा नियम आहे, साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायरचा दुरुस्ती किट आणि टायरची हवा दाखवणारी यंत्रणा दोन्ही असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. माझी ईव्ही तशीच आहे, म्हणून किटचा अनुभव लिहिते.

सिन्नरच्या अलीकडे स्क्रीनवर एका टायरची हवा उतरताना दिसली, बाजूला घेतली तर ट्रेडमध्ये खिळा. खिळा उपटायचा नाही, हे आधी वाचलेलं होतं. किटमधली भोक बुजवणाऱ्या औषधाची बाटली कॉम्प्रेसरला जोडली, प्लग लावला, सुरू केलं आणि काटा एकदम 80 च्या पुढे. घाबरून बंद करणार होते! पण ते फक्त औषध वॉल्व्हमधून ढकललं जात असताना होतं, अर्ध्या मिनिटात काटा खाली आला आणि मग हवा भरायला लागली. माझ्या किटवर लिहिलंय की दहा मिनिटांत 26 पर्यंतही नाही गेलं तर भोक मोठं आहे, नाद सोडा आणि टो बोलवा. माझं गेलं. लगेच आठ-दहा किलोमीटर हळू चालवली म्हणजे औषध आत सगळीकडे फिरतं, परत हवा बघितली, टिकली होती. नाशिकला पंक्चरवाल्याला टायर उघडायच्या आधीच सांगितलं की आत औषध आहे, तरी तो शिव्या घालत होता, सगळा हात पांढरा चिकट. आणि बाटली एकदाच वापरायची, नवीन घ्यावी लागते. तिच्यावर एक्सपायरी असते, माझी चार महिन्यांत संपणार होती.

फ्रँकफर्टचा_पाटील
आमच्याकडे किटवाल्या गाड्या ढिगाने. पण रेवतीताईंचं नशीब की खिळा ट्रेडमध्ये होता. माझा टायर फुटपाथच्या कडेला घासून बाजूने चिरला होता. आख्खी बाटली ओतली, सगळं रस्त्यावर. बाजूची भिंत कापली की किट म्हणजे शोभेचा डबा. रात्री दीड तास टोची वाट बघत बसलो.

सुनंदाकाकू
मुलांनो, माझ्या स्कूटीचं मागचं चाक आठवड्यात दोनदा पंक्चर होतंय, ट्यूबलेस करून घेऊ का? स्कूटीला स्टेपनी मिळते का?

घाटवाट
काकू, आधी टायरच्या आतून हात फिरवून बघायला सांगा, काचेचा किंवा तारेचा तुकडा अडकून राहिला असेल. स्टेपनीचा विषय चारचाकीचा चालू आहे.

कोकण_रिटर्न
आमच्या सात सीटरला पूर्ण साइझची स्टेपनी, गाडीच्या पोटाखाली लोखंडी दोरीने लटकवलेली. मी खूश होतो, म्हटलं आपल्याला 80 चं बंधन नाही. गणपतीला सावंतवाडीला जाताना कशेडीच्या पुढे पंक्चर. ती खाली सोडायचा बोल्ट डिकीतल्या मॅटखाली, म्हणजे आधी सगळं सामान बाहेर, त्यात मखर. पाना लावला तर बोल्ट हलेना, चार पावसाळ्यांच्या चिखलाने गंजून बसलेला. शेवटी एका ट्रकवाल्या मामांनी लांब पाइप घालून फिरवला. आता दर पावसाळ्यानंतर एकदा खाली सोडतो, दोरीला ग्रीस लावतो आणि चाक धुतो. चाक धुतल्यावर कळलं की टायर गाडीएवढाच जुना आहे. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. माझ्यावर 1114 होतं. न वापरताही रबराला बारीक भेगा पडलेल्या.

कोल्हापुरी_ठसका
म्हणजे पूर्ण साइझची असली तरी भरवसा नाय. मग मी बारक्याच्या जागी मोठं चाक विकत घेऊन टाकतो डिकीत, कसं?

घाटवाट
खड्ड्यात बसतं का ते मोजून बघ. माझ्या मित्राने घेतलं, डिकीचा फ्लोअर चार बोटं वर उचलला गेला, सीएनजीची टाकी असती तर तेही जमलं नसतं. आणि अलॉयचे नट लोखंडी रिमला चालतात का हे मॅन्युअलमध्ये बघ, काही गाड्यांना चालतात, काहींना वेगळे लागतात.

धागाकर्ता
हे वाचून आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. बारीक चाकात 24 हवा. जॅक आहे, पाना आहे. पण प्रत्येक चाकाला एक नट वेगळ्या आकाराचा आहे, चोरी होऊ नये म्हणून, आणि त्याची चावी कुठेच नाही. मेहकरला टायर काढला तेव्हा ती वापरलीच असणार ना? म्हणजे तिथेच रस्त्याच्या कडेला गवतात राहिली. अशी चावी नंबरवरून परत मिळते का कोणाला माहीत आहे? पुढच्या शुक्रवारी गोव्याला निघायचंय.