बिल्डरच्या कॉलचा सारांश कसा लिहायचा? (बीड बायपास, ताबा रखडलाय)

सातवा_मजला
संभाजीनगरला बीड बायपासजवळ आमची 56 फ्लॅटची स्कीम आहे. करारातली ताब्याची तारीख उलटून आठ महिने झाले. रविवारी बिल्डरनं सगळ्यांना गूगल मीटवर घेतलं आणि पन्नास मिनिटं बोलला. कॉल संपून तास होत नाही तोच ग्रुपवर तीन सारांश पडले. एकात ‘दिवाळीला चावी’, दुसऱ्यात ‘दिवाळीनंतर फिट-आउट’, तिसऱ्यात नुसतंच ‘सात दिवसांत पैसे भरा नाहीतर व्याज’. तिघंही एकाच कॉलवर होते!

मी पतसंस्थेत सभेचं इतिवृत्त लिहिते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलंय. रेकॉर्डिंग आहे, त्याला सांगूनच केलं होतं. मुख्य भाग जसाच्या तसा देते:

“काम तर झालंच आहे, फिनिशिंगच तेवढी राहिली. लिफ्टचं मटेरियल निघालंय, पंधरा दिवसांत बसेल. मीटरचं कोटेशन भरलंय. ओसीची फाइल टाकलेली आहे. दिवाळीपर्यंत आपण चाव्या देऊ, मध्ये काही अडचण आली नाही तर. तुम्ही 95 टक्क्यांपर्यंतचं पेमेंट सात दिवसांत क्लिअर करा, म्हणजे काम थांबणार नाही.”

तारखा, राहिलेलं काम आणि पैशाची मागणी असे तीन भाग करायचं ठरवलंय. पण ‘दिवाळीपर्यंत’ला तारीख कोणती लिहू? कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

परभणीचा_पाहुणा
रेकॉर्डिंगसाठी कोणतं ॲप वापरलं ताई? माझ्या मोबाइलवर समोरच्याचा आवाज येतच नाही.

सातवा_मजला
दादा, मीटवर होतं, लॅपटॉपवरून केलं. प्रश्न लिहिण्याचा आहे.

जुना_साइटवाला
नांदेडला चौदा वर्षं साइटवर काढली, आता आमच्या सोसायटीचा सचिव आहे. म्हणजे असं बोलणं दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

तारखेपासून सुरुवात करू नका. आधी त्याची क्रियापदं वेगळी करा. ‘निघालंय’, ‘भरलंय’, ‘टाकलेली आहे’ हे झालेल्या गोष्टींचे दावे आहेत. झालं असेल तर त्याचा कागद असणारच. लिफ्ट कंपनीची ऑर्डर आणि ॲडव्हान्सची पावती, महावितरणला कोटेशनचे पैसे भरल्याची पावती, महापालिकेत फाइल दिल्याचा आवक क्रमांक. हे तीन कागद आजच्या आज मागता येतात, त्यासाठी दिवाळीची वाट बघायची गरज नाही.

‘बसेल’, ‘देऊ’ ही आश्वासनं. ती त्याच्याच शब्दांत लिहा, रेकॉर्डिंगमधला मिनिट टाका आणि त्याला जोडलेली अट सोडू नका. ‘काही अडचण आली नाही तर’ हे वाक्य ग्रुपवरच्या तिन्ही सारांशांतून गळालं असणार, पैज लावतो. तुम्ही स्वतःहून तारीख घालू नका. दिवाळी म्हणजे वसुबारस की पाडवा, हे त्यालाच विचारा.

अजून एक. तो ‘चाव्या’ म्हणाला, ‘ताबा’ म्हणाला नाही. तुम्ही सारांशात ‘पझेशन’ लिहिलं तर ते तुमचं भाषांतर झालं. ओसी नसताना फर्निचरचं काम करायला दिलेली चावी म्हणजे ताबा नव्हे.

तारखेच्या रकान्यात तीन तारखा शेजारीशेजारी ठेवा. करारातली, महारेराच्या साइटवर त्या प्रकल्पापुढे आज दिसते ती, आणि कॉलवरची. साइटवरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिथली तारीख मुदतवाढ मिळाली की बदलते. आणि त्याला मुदतवाढ मिळाली म्हणून तुमच्या करारातली तारीख आपोआप पुढे जात नाही.

लातूरकरीण
आमचं रो-हाउस होतं, औसा रोडला. बिल्डर दर महिन्याला म्हणायचा, “पुढच्या पंधरवड्यात.” दीड वर्ष ऐकलं. आम्ही कधीच काही लिहून ठेवलं नाही. शेवटी वकिलांनी विचारलं, कोणत्या तारखेला काय बोलला होता? सांगता येईना. नवऱ्याचं नि माझं तिथंच भांडण झालं, तो म्हणे गुढीपाडवा, मी म्हणे अक्षयतृतीया. ताई, लिहायलाव ते लई चांगलं करायलाव.

हिशोबनीस
पैसे भरूच नका कुणी. ओसी आली की जीएसटी लागत नाही. थोडं थांबलं तर तेवढे वाचतात.

जुना_साइटवाला
अर्धं बरोबर आहे. ओसीनंतर जो पहिल्यांदा घ्यायला येईल, त्याला जीएसटी नाही. यांचं बुकिंग आधीचं आहे, हप्ते गेलेत. उरलेले हप्ते मागे ढकलले म्हणून त्यावरचा कर सुटत नाही. उलट हप्ता खरोखर देय झालेला असेल आणि भरला नाही, तर व्याज यांच्याच अंगावर.

म्हणून पैशाच्या भागात ‘किती मागितले’ लिहून थांबू नका, ‘करारानुसार आज किती देय’ हे शेजारी लिहा. ताई, तुमची किंमत, भरलेली टक्केवारी आणि मागणीपत्रावर काय आहे ते सांगता का? करारातला हप्त्यांचा परिच्छेदही बघा.

सातवा_मजला
किंमत 38 लाख, कार्पेट 68 चौरस मीटर. आतापर्यंत 80 टक्के, म्हणजे 30,40,000 गेले. मागणी आणखी 15 टक्क्यांची, 5,70,000, वर जीएसटी 5 टक्क्यांनी 28,500. उशीर झाल्यास महिना 2 टक्के व्याज असंही छापलंय.

करारात असं आहे: बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की 85 पर्यंत. लिफ्ट, पाण्याचे पंप, इलेक्ट्रिक फिटिंग, प्रवेशाची लॉबी, पेव्हिंग झालं की 95 पर्यंत. शेवटचे 5 ताब्याच्या वेळी, ओसी आल्यावर. प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग झालंय, मी स्वतः गच्चीवर जाऊन आले. पण साइटवरचा सुपरवायझर म्हणतो, लिफ्टचा टप्पा तर कधीच झाला, सही पण झालीय.

जुना_साइटवाला
हाच तो खड्डा. परिच्छेद पुन्हा वाचा, त्यात लिफ्ट दोनदा येते. 80 च्या टप्प्यात जिने आणि लॉबीबरोबर ‘लिफ्टची विहीर’ आहे, म्हणजे नुसता उभा भोसका. खुद्द लिफ्ट 95 च्या टप्प्यात. सुपरवायझर खोटं बोलत नाही, तो विहिरीबद्दल बोलतोय. मागणीपत्र काढणाऱ्यानं मात्र ते सोयीनं वाचलंय.

मग हिशोब असा. बाहेरचं प्लंबिंगही झालं असेल तर आज देय 5 टक्के, 1,90,000. लिफ्ट बसून चालू होईपर्यंत पुढचे 10 टक्के, 3,80,000, देय नाहीत. कॉलवर तो स्वतःच ‘पंधरा दिवसांत बसेल’ म्हणालाय, म्हणजे बसलेली नाही हे त्याच्याच तोंडून आलं. ते वाक्य राहिलेल्या कामातही लिहा आणि मागणीच्या समोरही लिहा.

जीएसटी: घर 45 लाखांच्या आत आणि संभाजीनगरसारख्या ठिकाणी कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर 1 टक्का. 1,90,000 वर 1,900 होतात. आधीच्या पावत्यांवर किती लावलाय ते बघा. तिथं 1 आणि इथं 5 असेल तर टंकनदोष म्हणून लेखी दुरुस्ती मागा.

महिना 2 टक्क्यांचं म्हणाल तर रेरा कायद्यात व्याजाचा दर दोघांना एकच आहे. महाराष्ट्राच्या नियमात तो स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक 2 टक्के, तोही वर्षाचा. त्याच्या आठ महिन्यांच्या उशिराला हाच दर तुम्हालाही लागू होतो, हे मागणीपत्र लिहिणारा विसरला असेल.

सातवा_मजला
आधीच्या सगळ्या पावत्यांवर 1 टक्काच आहे. आत्ता बघितलं. मसुदा असा केलाय, लिफ्टची नोंद नमुन्यादाखल:

‘मिनिट 17. शब्द: “लिफ्टचं मटेरियल निघालंय, पंधरा दिवसांत बसेल.” झाल्याचा दावा: मटेरियल निघालं. कागद: ऑर्डर आणि पावती मागितली, मिळाली नाही. आश्वासन: बसेल, कॉलपासून पंधरा दिवस. अट: सांगितली नाही. साइटवर काय दिसलं: विहीर रिकामी, सातव्या मजल्यावर दाराला फळ्या ठोकलेल्या. पैशाशी संबंध: 85 ते 95 चा हप्ता.’

अशा एकूण नऊ नोंदी झाल्यात. ‘फिनिशिंग’चं मात्र काही कळेना. तो शब्द त्यानं पाच वेळा वापरला.

जुना_साइटवाला
नोंद फक्कड आहे. ‘फिनिशिंग’ तशीच सोडा आणि पुढे लिहा, ‘यात काय येतं ते सांगितलं नाही’. तुम्ही रंग, ग्रिल, टाइल्सची जोडकामं अशी यादी केली तर उद्या तो म्हणेल, यादीतलं झालं, बाकी तुम्ही सांगितलंच नव्हतं.

मसुदा ग्रुपवर टाकण्याआधी बिल्डरला ईमेल करा. व्हॉट्सॲप नको, करारात जो पत्ता दिलाय त्यावर. ‘रविवारच्या कॉलचं टिपण सोबत आहे, काही चुकलं असल्यास पाच दिवसांत कळवावं’ एवढंच. आरोप नको. तो गप्प राहिला म्हणजे कबूल झाला असं कायद्यानं होत नाही, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर त्याच वेळचा कागद हातात राहतो.

हिशोबनीस
आणि बँक? मागणीपत्र बँकेला गेलं तर ती परस्पर हप्ता सोडेल की.

सातवा_मजला
माझ्या बँकेत तरी सही मागतात. तरी शाखेत लेखी देऊन येते की 85 च्या पुढचा हप्ता मला विचारल्याशिवाय सोडू नये.

वाळूजवासी
मी याच स्कीममध्ये आहे, नाव सांगत नाही. भाडं आणि ईएमआय दोन्ही भरून कंबर मोडलीय. तो दिवाळीला चावी देत असेल तर मी फिट-आउट म्हणून घेणार. कपाटं तरी करून होतील.

जुना_साइटवाला
तुमची ओढ कळते. पण 1963 च्या मोफा कायद्यात दोघांनाही बांधलंय, पूर्णत्वाचा दाखला नसताना बिल्डरनं ताबा देऊ नये आणि घेणाऱ्यानं घेऊ नये. शिवाय चावीबरोबर एक पत्र येतं, ‘ताबा मिळाला, कसलीही तक्रार नाही’. ते मात्र सही करू नका.

लातूरकरीण
आम्ही केली होती सही. तेव्हा दुसरा रस्ताच दिसत नव्हता, उगं त्यांना बोल लावू नका. घरात लेकरं असली की माणूस राहायला जातंच.

जुना_साइटवाला
बोल लावत नाही, ताई. सही करावीच लागली तर खाली हातानं लिहा, ‘ओसी मिळालेली नाही, उशिराच्या व्याजाचा हक्क राखून’. ते बिल्डरनं घेतलं नाही तर काय, याला माझ्याकडेही उत्तर नाही.

सातवा_मजला
सहा दिवसांनी लिहितेय. ईमेलला उत्तर आलं. महापालिकेचा आवक क्रमांक दिला, मीटरची पावती जोडली, जीएसटी 1 टक्का करून सुधारित मागणीपत्र देतो म्हणाला. लिफ्टबद्दल एक शब्द नाही, दिवाळीबद्दल ‘प्रयत्न राहील’. 56 पैकी अकरा जणांनी तोवर पूर्ण 5,70,000 भरून टाकले होते, त्यातल्या दोघांचे बँकेनंच सोडले. त्यांचे 3,80,000 परत मागायचे की पुढच्या टप्प्यात धरायचे, यावर ग्रुपवर कालपासून वाद चाललाय. साइटवर आज गेले होते. फळ्या तशाच आहेत.