लव्हर्स: मान एकीकडे, पाय दुसरीकडे

> बँकेतलं प्रमोशन घेऊ की लाकूडकामाचं वर्कशॉप काढू, असं टॅरो पत्त्यांना विचारलं आणि लव्हर्स आलं. प्रेमाचं कार्ड इथे कसं वाचायचं?

जुन्या मार्सेय टॅरोमधलं सहा नंबरचं कार्ड शोधून बघा. दोन बायकांमध्ये एक तरुण उभा आहे, वर मदन बाण रोखून. त्याची मान एकीकडे वळलेली, पाय मात्र दुसरीकडे! माझ्या मते तुमचं उत्तर या मुद्रेतच आहे. १९०९च्या रायडर-वेट संचात आदम-ईव्ह आले आणि निवडीचा अर्थ मागे पडला. तिथेही पुरुष स्त्रीकडे बघतो, स्त्री मात्र वर देवदूताकडे.

आता लव्हर्स मधे ठेवून दोन्ही बाजूंना एकेक कार्ड काढा, कुठली बाजू कशाची हे आधीच ठरवून. समजा बँकेच्या बाजूला चार पेंटॅकल्स आलं: नाणं छातीशी घट्ट धरलेला, दोन नाणी पायाखाली दाबून बसलेला माणूस. वर्कशॉपकडे आठ पेंटॅकल्स: बाकावर हातोडी चालवणारा कारागीर. एकात सांभाळणं, दुसऱ्यात घडवणं. तुमचे रिकामे तास सध्या कुठे जातात? पाय तिकडे आहेत. वर्कशॉपचं भाडं परवडेल का, हे मात्र लव्हर्सला विचारू नका. त्यासाठी वही घेऊन बसा.