चारशे शब्दांत न्याय होतो का? – ‘पाच आवाज, दोन बेसूर’ या परीक्षणाच्या निमित्ताने

स्पष्टवक्ती: रविवारच्या पुरवणीतले ‘पाच आवाज, दोन बेसूर’ हे परीक्षण वाचले. पुराच्या एका रात्रीवरची पहिलीच कादंबरी आहे. समीक्षक थोडे बरे म्हणतात, थोडे वाईट म्हणतात आणि शेवट दोषावर करून मोकळे होतात. कादंबरी घ्यावी की घेऊ नये, हेही कळत नाही. पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत एक तर पाठीवर थाप द्यावी, नाहीतर गप्प बसावे. चारशे शब्दांत याहून वेगळे काय साधणार?

समास: ‘थोडे बरे, थोडे वाईट’ हे वर्णन मला पटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कादंबरी मी वाचली आहे आणि परीक्षणही समोर आहे.

समीक्षकांनी कथानकावर दोनच वाक्ये खर्च केली आहेत: शाळेच्या गच्चीवर अडकलेली पाच माणसे, आणि प्रत्येकाच्या तोंडून सांगितलेली तीच एक रात्र. पुढे कोण वाचते, कोण वाहून जाते, याचा उल्लेखही नाही. तिसऱ्या वाक्यात लेखिकेने स्वतःपुढे ठेवलेले आव्हान नेमके सांगितले आहे, ते म्हणजे वाचकाने नाव न पाहता, केवळ बोलण्यावरून माणूस ओळखावा. पुढचे सगळे मोजमाप याच एका पट्टीने केले आहे. लेखिकेने जे करायला घेतलेच नव्हते, त्याचा जाब तिला विचारलेला नाही. समाजचित्रण अपुरे आहे किंवा पुराची कारणे आलेली नाहीत, अशी तक्रार इथे कुठेही सापडणार नाही.

आता कौतुक कसे केले आहे ते पाहा. नावाड्याचे एक वाक्य जसेच्या तसे दिले आहे: ‘पाणी चढतं तेव्हा आवाज करत नाही, बाई. आवाज माणसं करतात.’ ‘भाषा ओघवती आहे’ असे म्हणण्याची मग गरजच उरत नाही. दोष दाखवतानाही हीच रीत पाळली आहे. पाचव्या भागातले ‘काळाच्या उदरात दडलेल्या असंख्य प्रश्नांची उत्तरे मला त्या क्षणी गवसली’ हे वाक्य देऊन समीक्षक एवढेच लिहितात, की हे अकरा वर्षांचा मुलगा बोलतो आहे. एकही विशेषण वापरलेले नाही. शिवाय दोषाला हद्द घातली आहे: २९० पानांपैकी शेवटची सुमारे ९० पाने, म्हणजे चौथा आणि पाचवा भाग. ‘मध्यंतरी कादंबरी रेंगाळते’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येते. हे मात्र याच पुस्तकाचे आहे.

शेवट दोषावर केला आहे, हेही खरे नाही. कृपया अखेरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

स्पष्टवक्ती: कोणता अखेरचा परिच्छेद? छापील अंक माझ्यासमोर उघडा आहे. परीक्षण ‘अकरा वर्षांचा मुलगा बोलतो आहे’ याच वाक्यावर संपते. समीक्षकांची बाजू घ्यायची म्हणून नसलेले परिच्छेद रचू नयेत, एवढी अपेक्षा आहे.

समास: आपण माझ्यावर थेट खोटेपणाचा आरोप करीत आहात. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील परीक्षणात त्या वाक्यानंतर एक पूर्ण परिच्छेद आहे: ‘दोन आवाज वगळले असते तर ही कादंबरी निर्दोष झाली असती आणि लहानही. लेखिकेने तो सोपा मार्ग घेतला नाही. आवाजांवरून माणसे ओळखण्यात ज्यांना गोडी वाटते, त्यांनी पहिल्या २०० पानांसाठी ही कादंबरी वाचावी.’ घ्यावी की घेऊ नये, या आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

जुनी पुरवणी: आपण दोघेही खरे बोलत आहात. मी बरीच वर्षे पुरवणीच्या पानावर काम केले आहे, त्यामुळे काय घडले असेल याचा अंदाज सहज येतो. पान लावून झाल्यावर ऐन वेळी जाहिरात येते आणि चारशे शब्दांची जागा सव्वातीनशेवर येते. पान लावणाऱ्याच्या हाती वेळ नसतो, तो खालून कापतो. संकेतस्थळावर जागेची अडचण नसल्यामुळे मूळ मजकूर तसाच जातो. मुरलेला परीक्षक हे ओळखून असतो आणि निवाडा शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवत नाही. कुणाला आणि कशासाठी हे पुस्तक वाचावेसे वाटेल, हे तो वरच्या अर्ध्यातच सांगून टाकतो, म्हणजे खालून काहीही गेले तरी तोल ढळत नाही. या परीक्षकांची चूक असलीच तर ती हीच आहे, आणि ती प्रामाणिकपणाची नसून मांडणीची आहे.

वाचनवेडा: मांडणीचे राहू द्या. मुळात २९० पानांतून एक फसलेले वाक्य वेचून काढायचे आणि त्यावर ९० पाने निकालात काढायची, याला मी न्याय म्हणणार नाही. असे एखादे वाक्य कोणत्याही कादंबरीत सापडेल. ऑर्वेलने १९४६ साली पुस्तक-परीक्षकावर लिहिलेल्या लेखात म्हटले होते, की सहाशे शब्दांच्या आसपासचे नेहमीचे परीक्षण निरुपयोगीच ठरते आणि महत्त्वाच्या पुस्तकाला किमान हजार शब्द द्यावेत. इथे तर चारशेच आहेत. शिवाय पहिल्या कादंबरीला थोडी सवलत देणे हा साधा माणुसकीचा भाग आहे.

समास: ऑर्वेलच्या लेखातला परीक्षक ज्यांच्याविषयी त्याला काहीच वाटत नाही अशा पुस्तकांच्या ढिगाखाली दबलेला आहे, त्याचा राग त्या ढिगावर आहे. तरी हजार शब्द मिळाले असते तर उरलेल्या दोन आवाजांवरही लिहिता आले असते, हे मान्य करतो.

सवलतीचे मात्र मुळीच मान्य नाही. ‘पहिलाच प्रयत्न म्हणून स्वागत’ हे वाक्य लेखिकेला सांगते, की तुझे पुस्तक आम्ही पुस्तक म्हणून वाचलेच नाही. पहिलेपणाची दखल घ्यायची ती दोष कुठून आला हे समजून घेण्यासाठी. इथे दोष आकांक्षेतूनच आला आहे. पाच वेगळे आवाज पेलायला घेतले, तीन पेलले आणि दम संपल्यावर उरलेल्या दोघांच्या तोंडून लेखिका स्वतःच बोलू लागली. हे कारण सांगितले तर तिच्या हाती काहीतरी पडते, सवलतीने काय पडणार?

जुनी पुरवणी: वाचनवेडा यांच्या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. वेचलेले वाक्य प्रातिनिधिक नसेल तर तो अन्यायच होय, आणि असे अन्याय मी पाहिले आहेत. आमच्याकडे एक ज्येष्ठ परीक्षक होते. दोषाचे उदाहरण निवडल्यावर ते त्याच भागातली आणखी पाच पाने कुठेही उघडून वाचीत. तीन-चार ठिकाणी तेच आढळले, तरच वाक्य ठेवीत. एखाद्याच ठिकाणी आढळले तर खोडून टाकीत. पुस्तक हाती असलेल्या कोणालाही हे करून पाहता येते.

मलपृष्ठ: सगळी चर्चा परीक्षकाने पुस्तक वाचले आहे, हे गृहीत धरून चालली आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचे परीक्षण एका दैनिकात आले. त्यात उल्लेखलेला प्रत्येक प्रसंग पहिल्या ६० पानांतला होता आणि दोन वाक्ये तर मलपृष्ठावरून जशीच्या तशी उचललेली होती. जे पात्र १०० व्या पानाच्या आधीच मरते, त्याची ‘अखेरपर्यंतची साथ’ वाखाणली होती. कौतुकच होते, पण मला आठवडाभर झोप लागली नाही. चार वर्षे मी ते पुस्तक लिहीत होतो. परीक्षणांवर विश्वास ठेवू नये, एवढेच सांगायचे आहे.

समास: आपल्याबरोबर झाले ते वाईटच झाले, पण ते इथे लागू पडत नाही. या परीक्षणातले दोषाचे उदाहरण पाचव्या भागातले, म्हणजे अगदी शेवटचे आहे. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याचा याहून वेगळा पुरावा कोणता हवा?

स्पष्टवक्ती: परिच्छेद कापला गेला हे मी मान्य करते आणि खोटेपणाचा आरोप मागे घेते. पण मग शीर्षकाचे काय? ‘दोन बेसूर’ हे शब्द मोठ्या ठशात वर आहेत. निम्मे वाचक तेवढेच वाचून पान उलटतात. एवढे सावध लिहिणाऱ्या परीक्षकांनी असे शीर्षक का दिले?

जुनी पुरवणी: त्यांनी दिलेलेच नसावे. ‘बेसूर’ हा शब्द परीक्षणात एकदाही आलेला नाही, शोधून पाहा. शीर्षक उपसंपादक देतो, तेही रकान्याच्या रुंदीत बसेल असे, आणि लेखकाला ते सकाळी छापून आल्यावरच कळते. मीही अशी शीर्षके दिली आहेत. एका कथासंग्रहाच्या परीक्षणात ‘अखेरच्या दोन कथा घाईत उरकल्या आहेत’ असे एक वाक्य होते. रात्री उशिरा मी त्यावर ‘घाईत उरकलेल्या कथा’ असे शीर्षक लावले, कारण ते नेमके बसत होते. दुसऱ्या दिवशी लेखिकेने परीक्षकांशी बोलणे तोडले आणि ते पुन्हा कधीही सुरू झाले नाही. परीक्षकांनी माझे नाव तिला सांगितले नाही. ते शीर्षक मला आजही आठवते.

मलपृष्ठ: म्हणजे लेखिकेचे नुकसान झाले ते तुमच्यामुळे, आणि आता आम्हाला पाने उघडून पाहण्याचे धडे देता?

जुनी पुरवणी: हो, माझ्यामुळेच झाले. म्हणून तर सांगतो, परीक्षकाने मजकुरासोबत दोन-तीन पर्यायी शीर्षके रकान्यात मावतील अशी लिहून द्यावीत. रात्रीच्या घाईत आयते मिळालेले शीर्षक बहुतेक वेळा तसेच लागते.

स्पष्टवक्ती: वाचकाने या सगळ्या पडद्यामागच्या गोष्टी जाणून घेऊन मग परीक्षण वाचावे, ही अपेक्षा मला मान्य नाही. माझ्या हाती आले ते शीर्षकासह आणि शेवटाविना आले, माझ्यासाठी परीक्षण तेच. संकेतस्थळावरचा मजकूर आता वाचला. तो न्याय्य आहे. छापलेला नाही.

समास: छापलेल्यातही नावाड्याचे वाक्य होतेच. तरी आपला मुद्दा मी खोडू शकत नाही.

वाचनवेडा: सांगितल्याप्रमाणे पाचवा भाग पाच ठिकाणी उघडून पाहिला. चार ठिकाणी तो मुलगा खरोखरच प्राध्यापकासारखा बोलतो, हे नाइलाजाने मान्य करतो. पण २६८ व्या पानावर तो पाण्यावरून वाहत जाणाऱ्या चपला मोजतो: ‘सतरा झाल्या. जोडी एकच निघाली. ती पण एकाच पायाची.’ हे वाक्य दुसऱ्या कोणाच्याही तोंडी शोभणार नाही. परीक्षणात याचा उल्लेख हवा होता.

समास: तो परिच्छेद मी वाचला होता आणि विसरलोही होतो. तिथे मुलाचा आवाज लागला आहे. ‘दोन आवाज’ असे सरसकट म्हणण्याऐवजी ‘पाचवा आवाज एका पानापुरता लागतो’ असे समीक्षकांना लिहिता आले असते, आणि त्याला पाचच शब्द लागले असते.