भाड्याच्या घरातले स्मार्ट बल्ब आणि प्लग: तुमचे अनुभव सांगा

सायली_र: काल रात्री वीज गेली, आली, आणि बेडरूमचा बल्ब आपोआप भक्कन पेटला. बाळ जागं झालं. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरातही अगदी असंच व्हायचं. भिंतीतलं वायरिंग बदलायला मनाई, म्हणून सगळं बल्ब आणि प्लगवरच. तुम्ही कसं सांभाळता?

मंदार७: शेड्यूल लावा ना, रात्री दोनला बंद. प्रश्न मिटला.

अनघा के: नाही मिटत. शेड्यूल म्हणजे त्या क्षणाला दिलेला एकच हुकूम. वीज दोन-दहाला आली तर दोनचा हुकूम कधीच निघून गेलेला असतो. अ‍ॅपमध्ये त्या बल्बच्या सेटिंगमध्ये 'पॉवर ऑन बिहेविअर' किंवा तशाच नावाचा पर्याय शोधा. तिथे 'आधीची स्थिती' निवडली की बंद असलेला बल्ब वीज आल्यावरही बंदच राहतो.

सायली_र: सापडला!! थँक्यू ताई. बाळ झोपलं की बघते.

अनघा के: एक अडचण आधीच सांगते. अ‍ॅपने किंवा आवाजाने बंद केलेला बल्ब मग भिंतीवरच्या बटणानेही लागत नाही. बटण बंद करून पुन्हा लावलं तरी तो 'मी बंदच होतो' म्हणून गप्प. म्हणून आमच्याकडे पॅसेजचा बल्ब 'नेहमी चालू'वर आणि फक्त झोपायच्या खोलीतला 'आधीची स्थिती'वर.

पराग_ना: आमच्या सासूबाई बटण खटाखट चालू-बंद करतात, बल्ब लुकलुकत राहतो. बिघडला का?

अनघा के: बिघडला नाही. बऱ्याच बल्बना लागोपाठ चालू-बंद करणं हीच रीसेटची खूण असते. लुकलुकतोय म्हणजे नव्याने जोडून घ्यायची वाट बघतोय. सासूबाईंसाठी साधा बल्ब लावलेला टेबल लॅम्प प्लगवर ठेवा. प्लगवर स्वतःचं बटण असतं, ते इंटरनेट नसतानाही चालतं.

रेवती: आम्ही गीझरच प्लगवर लावलाय, आवाज दिला की चालू. प्लग मात्र गरम लागतो.

मंदार७: प्लगवर किती अँपिअर लिहिलंय? दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेतो. १० चा असेल तर काढाच आज, १६ चा घ्या. आणि १६ चा असूनही तापत असेल तर सॉकेट सैल असेल, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

रेवती: १० चा आहे. काढते लगेच.

निशा_प: माझ्या बल्बच्या अ‍ॅपमध्ये तो पर्यायच नाही. अपडेट करून पाहिलं. कुणाला काही जमलंय का?

पराग_ना: माझ्या एकाला आहे, दुसऱ्याला नाही, अ‍ॅप तेच. सायलीताई, बाळ किती महिन्यांचं?