मदत हवी आहे: काउंटरवरच्या पोरांना इन्सेंटिव्ह कसा द्यावा, गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारायला न शिकवता?

पायताणवाला:
नमस्कार मंडळी. आमचं चप्पल लाईनमध्ये कोल्हापुरी चप्पलचं दुकान आहे, वडिलांनी चालू केलेलं, आता मी बघतो. काउंटरवर चार पोरं. गेल्या दिवाळीनंतर मी इन्सेंटिव्ह चालू केला, प्रत्येकाच्या स्वतःच्या विक्रीवर, महिन्याला एक लाखाच्या वर जेवढी विक्री जाईल त्याच्या २ टक्के. सेल वाढला, ते खोटं नाही, महिन्याला साधारण सहा लाख चाळीस हजारावर गेला. पण आता जे दिसायला लागलंय त्यानं झोप उडाली आहे.

बदलीला येणारे जोड आधी महिन्याला पंधरा-सोळा असायचे, ते आता पंचेचाळीसवर गेलेत. सगळ्यांची एकच तक्रार, "तुमचा पोरगा म्हणाला चार दिवसांत सैल होईल". आता कातडं सैल होतं हे खरंच आहे, पण ते वरच्या पट्ट्याला होतं, रुंदीला होतं, तळाची लांबी काय वाढत नाही, टाच बाहेर आली तर ती बाहेरच राहणार. पोरांना हे माझ्याइतकंच कळतं, पण साईज स्टॉकमध्ये नसली की गिऱ्हाईक सोडवत नाही. शिवाय अंबाबाईला आलेली बाहेरगावची माणसं दारात दिसली की दोघं तिघं एकदम पुढं धावतात, आणि गल्लीतली म्हातारी आजी जुन्या चपलेचा अंगठा शिवून घ्यायला आली तर तिच्याकडं कोण बघत नाही कारण त्यात इन्सेंटिव्ह नाही. परवा वडिलांच्या वेळचं एक गिऱ्हाईक, पाच मिनिटांत तीन वेळा "कापशी घ्या साहेब, भारी आहे" ऐकून काहीच न घेता गेलं, त्यांना रोज वापरायला साधी हवी होती.

इन्सेंटिव्ह बंद करू का? आणि पोरांचं काम मोजायचं तर विक्री सोडून कशावर मोजू?

गंगावेस_कट्टा:
भावा सरळ बंद कर. पगारात हजार-हजार वाढव आणि दिवाळीला बोनस दे. कमिशन आलं की माणूस बिघडतोच, मी बघितलंय.

रंकाळाकाठ:
माझं मेडिकल आहे, आमच्याकडं उलटाच प्रॉब्लेम, पोरं तोंडातून शब्दच काढत नाहीत, दिली चिठ्ठी काढली गोळी. तुमच्या पोरांना बोलायला कसं शिकवलंत ते सांगा राव, मला तसला एक हवा आहे.

पायताणवाला:
@रंकाळाकाठ दादा, मला नेमकं उलटं पाहिजे 🙏 त्यांचं बोलणं कमी नको, पण समोरच्याला काय हवंय ते आधी ऐकून बोलायला पाहिजे. आणि मेडिकलमध्ये तर कमिशनवर बोलणारा माणूस नकोच ठेवू.

जुना_फ्लोअरमन:
मी साडीच्या मोठ्या दुकानात एकोणीस वर्षं फ्लोअर सांभाळला, त्यावरून सांगतो. गंगावेस यांचं अर्धं बरोबर आहे. एकट्याच्या विक्रीवरचं कमिशन काढाच. पण सगळंच काढलं तर दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक आलं की कोण उठत नाही, हेही आम्ही भोगलंय.

तुमचा हिशोब बघा. साईज बदलून दिली की बिल तेवढंच राहतं, म्हणजे चुकीची साईज मारणाऱ्याच्या विक्रीतून एक रुपया कमी होत नाही. त्याचं नुकसान शून्य, गिऱ्हाइकाचा हेलपाटा आणि वापरलेला जोड तुमच्या गळ्यात. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा.

एक, पैसे सगळ्या काउंटरचे मिळून. समजा परत आलेला माल वजा जाऊन महिन्याची विक्री सहा लाख राहिली, त्याचा १ टक्का म्हणजे सहा हजार. तो हजेरीवर वाटा. चौघांचे दिवस २६, २६, २४ आणि २० धरले तर एकूण ९६, म्हणजे दिवसाला साडेबासष्ट रुपये. पहिल्या दोघांना १,६२५, तिसऱ्याला १,५००, चौथ्याला १,२५०. मग बाहेरगावच्या गिऱ्हाइकावरून ओढाताण होत नाही, आणि आजीची चप्पल शिवायला घेणाऱ्याचा दिवस वाया जात नाही. बदलीची मुदत पंधरा दिवस असेल तर ती संपल्यावरच वाटा, म्हणजे जानेवारीचे पैसे फेब्रुवारीच्या वीस तारखेला.

दोन, माणसाचं काम वेगळं बघा. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं लांब उभं राहून एक व्यवहार पूर्ण ऐका. चपलेत मी एवढंच बघेन: चप्पल कशासाठी हवी हे आधी विचारलं का, दोन्ही पायात घालून चार पावलं चालायला लावलं का, पाण्यात घालू नका हे सांगितलं का, आणि गिऱ्हाईक "नको" म्हटल्यावर त्यानं काय केलं. एकदा दुसरं दाखवणं ठीक, "नको" नंतर तेच परत पुढं केलं तर ती खूण करून ठेवायची.

पायताणवाला:
हे पटलं. मग ज्याच्या बदल्या जास्त त्याचे पैसे कापायचे का?

जुना_फ्लोअरमन:
नाही, तिथं आम्ही फसलो होतो. कापायला लागलो तर पोरं बदलीला आलेल्यालाच परतवायला लागली, "वापरलेलं दिसतंय, होत नाही", आणि रजिस्टरमध्ये बदल्या एकदम कमी, मालक खूश. बदली गल्ल्यावरच्या माणसानंच लिहायची, विकणाऱ्यानं नाही, बिलावर सेल्समनचा कोड टाकायचा आणि कारणही लिहायचं. भेट म्हणून घेतलेला जोड लहान निघाला तर त्यात पोराचा काय दोष? आणि एका महिन्यावर ठरवू नका. ज्यानं चाळीसच जोड विकले त्याच्या दोन बदल्या आल्या तरी ५ टक्के दिसतात. तीन महिन्यांचं एकत्र बघा, आणि "टाच बाहेर" हे कारण एकाच कोडवर परत परत आलं तर त्याला बाजूला बसवून बोला.

हुपरीची_लेक:
आमच्या चांदीच्या दुकानात असाच सगळ्यांचा इन्सेंटिव्ह एकत्र करून वाटायचा पूल केला होता. सहा महिने चाललं, मग एक जण फोनवर आणि बाकीचे त्याचं काम करतायत असं झालं. चार माणसांत सगळ्यांना सगळं दिसतं म्हणतात पण दिसलं तरी तोंडावर कोण बोलत नाही. तेव्हा पूल म्हणजे रामबाण नाही.

जुना_फ्लोअरमन:
खरंय. तिथं मालकानं लांबून बघणं थांबवलं की पूल बिघडतो. मोठ्या फ्लोअरवर तर मीही पूल सगळ्यांचा न करता काउंटरवार ठेवायचो.

पायताणवाला:
या महिन्यापासून बदलीचं रजिस्टर गल्ल्यावर घेतो, कोड टाकतो आणि आल्या बिलातली दहा गिऱ्हाइकं पंधरा दिवसांनी फोन करून विचारतो, चप्पल बरोबर बसली का आणि कोणी आग्रह केला का. शिलाईला आलेलं गिऱ्हाईकही वेगळं लिहितो.

एकच गाठ सुटत नाही. माझा सगळ्यात जुना पोरगा एकटा तीन लाख विकतो, त्याला आत्ता चार हजार सुटतात, पूलमध्ये सोळाशे होतील. आणि खरं सांगायचं तर तो काय फक्त रेटून विकत नाही, पाय बघून साईज सांगतो.

जुना_फ्लोअरमन:
मग आधी त्याच्या कोडवरच्या बदल्या मोजा. कमी असतील तर मधला फरक त्याच्या पगारात घाला, साईज काढण्याची जबाबदारी आणि नव्या पोरांना शिकवायचं काम त्याच्याकडं लिहून देऊन. बदल्या त्याच्याच जास्त निघाल्या तर ते चार हजार कसे येत होते ते कळलंच.

पायताणवाला:
आणि पगार वाढवला हे बाकीच्या तिघांना कळल्यावर काय सांगू? यावर कोणाचा अनुभव असेल तर लिहा, पाडव्याच्या आधी ठरवायचं आहे.